यंदाचा आयपीएल अंदाज-पूल: नियम आणि खर्चाची मर्यादा

मंडळी, नमस्कार.

मेसेज जरा लांब आहे, चहाच्या सुट्टीत निवांत वाचा. आयपीएल तोंडावर आलं आहे आणि पूल कोण चालवणार अशी विचारणा दोन दिवसांपासून सुरू आहे. हिशेब ठेवायला मी तयार आहे. पण गेल्या वर्षीसारखा पूल चालणार असेल तर मी त्यात नाही, हे आधीच सांगते.

गेल्या वर्षी सुरुवात साधी होती. सामन्यामागे 20 रुपये, त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. पण 74 सामन्यांचे 20-20 रुपये म्हणजे 1,480 रुपये होतात, ते कुणी आधी मोजलं नाही. मे महिन्यात हरलेल्यांनी ‘आज डबल’ सुरू केलं, प्लेऑफला आकडा 100 वर गेला. पँट्रीतल्या वहीत काही नावांपुढे ‘बाकी’, ‘बाकी’, ‘पगारानंतर’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यात दोन नावं ट्रेनींची होती. सगळे खेळतात तर आपण नाही कसं म्हणायचं, म्हणून ती पोरं खेळत होती. मजेसाठी काढलेल्या पूलमध्ये उधारी आली की त्यातली मजा गेली.

म्हणून पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: या वर्षी जिंकणाऱ्याला रोख पैसे नाहीत. प्रत्येकाने पूर्ण मोसमासाठी एकदाच वर्गणी द्यायची, जास्तीत जास्त 200 रुपये. शंभर दिले तरी चालतील, काहीच नाही दिले तरी खेळता येईल. ट्रेनी आणि कंत्राटी मंडळींकडून वर्गणी घ्यायचीच नाही. 200 च्या वर कुणाकडूनही, साहेबांकडूनही, एक रुपया घेतला जाणार नाही. मोसम सुरू झाल्यावर भर घालणं, डबल करणं, कुणाच्या वतीने भरणं, सगळं बंद. वर्गणी रोख माझ्या हातात द्या, फोनवरून पाठवू नका. ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला लागले की कुणी किती दिले याची चर्चा सुरू होते. मी फक्त एकूण जमा आकडा सांगेन.

आपण 22 जण आहोत. साडेतीन हजारांच्या आसपास जमतील असं धरू. फायनलनंतरच्या आठवड्यात सगळ्यांसाठी मिसळ, सोबत जिलेबी, आणि विजेत्याला एक छोटी ढाल. ज्याने वर्गणी दिली नाही त्यालाही मिसळ आहेच, आणि तर्री दुसऱ्यांदा मागायचा हक्कही आहे. बिल ग्रुपवर टाकेन. पैसे उरले तर पँट्रीच्या चहा-साखरेत जातील.

रोख बक्षीस काढण्यामागे कायदाही आहे. महाराष्ट्राच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पैज लावणंही जुगारात धरलं आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार मुळातच रद्दबातल, म्हणजे जिंकलेले पैसे कुणी बुडवले तर कोर्टातून वसूल होत नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले आणि ड्रीम11 ला पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. एवढी मोठी कंपनी थांबली, तिथे आपली पँट्रीची वही काय टिकणार? बेटिंग ॲपच्या लिंका आणि टेलिग्रामवरच्या ‘पक्क्या टिपा’ या ग्रुपवर नकोत. आपापसात बाजूने पैजा लावणाऱ्याचं नाव तक्त्यातून निघेल.

आता खेळाचं. एका माणसाची एकच एन्ट्री. बायकोच्या, भावाच्या नावाने दुसरी चालणार नाही. प्रत्येक सामन्याचा विजेता गूगल फॉर्मवर निवडायचा. साखळी सामन्याच्या बरोबर अंदाजाला 2 गुण, प्लेऑफला 3, फायनलला 5. किती धावांनी, किती विकेटनी, सामनावीर कोण, असलं काही नको. ते मोजता मोजता माझा पगारपत्रकाचा आठवडा जाईल.

वेळेवरून गेल्या वर्षी सगळ्यात जास्त वाद झाले, म्हणून इथे मी कडक आहे. संध्याकाळचा सामना साडेसातला, टॉस सातला, आणि टॉसनंतर अंतिम अकरा कळतात. फॉर्म साडेसहाला बंद होईल. दुपारच्या सामन्याचा अडीचला. ‘नेट गेलं होतं’ चालणार नाही, कारण अंदाज आठवडाभर आधीही भरता येईल. हे मुख्यतः सेकंड शिफ्टवाल्यांसाठी आहे. त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात आणि गेल्या वर्षी त्यांचे निम्मे सामने असेच गेले. एखाद्याचा अंदाज आलाच नाही, तर वेळापत्रकात जो यजमान संघ आहे तोच त्याचा अंदाज धरू. प्लेऑफला ही सवलत नाही.

फॉर्म बंद होईपर्यंत कुणाचे अंदाज कुणाला दिसणार नाहीत, नाहीतर पहिल्या नंबरवाल्याची नक्कल होते. मला मात्र ते दिसू शकतात. म्हणून माझे स्वतःचे अंदाज मी रोज दुपारी बारापर्यंत ग्रुपवर उघड टाकणार. माझी नक्कल करायची तर खुशाल करा, मी पाच वर्षांपासून मुंबईवर प्रेमापोटी लावते आहे.

पाऊस आणि इतर भानगडी. अधिकृत निकाल तोच आपला निकाल, मग तो सुपर ओव्हरने लागो की डकवर्थ-लुईसने. सामना रद्द झाला तर कुणालाच गुण नाहीत. सामना पुन्हा खेळवला तर अंदाजही नव्याने द्यायचे. गेल्या 8 मेची धरमशालेची आठवण आहे ना? पंजाब 1 बाद 122 असताना सामना थांबला आणि आपल्याकडे पंजाबवाल्यांनी पैसे मागितले. तो सामना 24 मेला जयपूरला नव्याने झाला आणि जिंकली दिल्ली! मग दिल्लीवाल्यांनी जुन्या अंदाजावर पैसे मागितले. दोन्ही बाजूंनी एकाच सामन्यावर हक्क सांगितला आणि आठवडाभर अबोला. तेव्हा नियम नव्हता, आता आहे.

शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर? फायनलचा अंदाज भरताना पहिल्या डावाच्या धावाही लिहायच्या, जो जवळ तो विजेता. दुसऱ्या डावाचा आकडा मुद्दाम घेतलेला नाही. 2023 च्या फायनलला गुजरातने 214 केल्या, मग पाऊस आला आणि चेन्नईला 15 षटकांत 171 चं लक्ष्य मिळालं. असं झालं तरी पहिल्या डावाचा आकडा बदलत नाही. धावांतही बरोबरी झाली तर ढाल सहा-सहा महिने.

तक्ता दर सोमवारी सकाळी नोटीस बोर्डवर लागेल. गुणांबद्दल तक्रार असेल तर बुधवारपर्यंत. त्यानंतर ‘एप्रिलमधले माझे दोन गुण’ काढायचे नाहीत. निर्णय मी एकटी देणार नाही. स्टोअर्समधला एक आणि शॉप फ्लोअरवरचा एक असे दोघे सोबत हवेत, तुम्हीच नावं सुचवा. हरलेल्याला कामाच्या वेळी चिडवणं नको, आणि जे खेळणार नाहीत त्यांना ‘का नाही’ असं कुणी विचारायचं नाही.

यात काही बदलायचं असेल तर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पँट्रीत या, दहा मिनिटांत ठरवून टाकू. यायला जमणार नसेल तर मला वेगळा मेसेज करा. मान्य असेल तर इथे फक्त ‘मी आहे’ एवढं लिहा. शनिवारी फॉर्मची लिंक टाकते. मिसळ तिखट की मध्यम, तेही लिहून ठेवा.

सुजाता
अकाउंट्स