डीलरशिपबाबत सुधारित पत्र

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
दि. १८ सप्टेंबर २०२६

प्रति,
मालक, मोटार-पंप व पाइप विक्री दुकान,
गडहिंग्लज

विषय : गडहिंग्लज व आजरा तालुक्यांसाठी मोनोब्लॉक पंपांची डीलरशिप

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यातल्या आमच्या पत्रात 'आकर्षक मार्जिन', 'संपूर्ण सहकार्य' आणि 'संरक्षित विभाग' असे शब्द होते. आपण फोनवर विचारलंत, "आकर्षक म्हणजे किती रुपये?" प्रश्न रास्त होता. ते पत्र रद्द समजावे. आता आकड्यांतच लिहितो.

आपल्याला छापील यादी दरावर १४ टक्के सूट मिळेल. ५ एचपी पंपाचा यादी दर जीएसटी सोडून २४,००० रुपये आहे. त्यावर सूट ३,३६०, म्हणजे आपल्याला पंप २०,६४० ला पडेल. उधारी बिलापासून ३० दिवस. सात दिवसांत पैसे आले तर डीलर दरावर आणखी २ टक्के, म्हणजे या पंपामागे सुमारे ४१३ रुपये. गिऱ्हाईक घासाघीस करणार हे आम्हालाही माहीत आहे. त्याला १,५०० सोडले तरी रोखीच्या व्यवहारात आपल्या हातात २,२७३ राहतात. त्यातून दुकानभाडं, हमाली आणि मेकॅनिकचा चहा जातो, हे धरूनच हिशेब करावा. एमआरपीच्या वर विकू नये. खाली किती सोडायचं ते आपण ठरवा, आम्ही त्यात पडणार नाही.

वर्षात ४० पंप उचलले तर एकूण खरेदीवर २ टक्के, ६० ला ३ टक्के. ही रक्कम क्रेडिट नोटने ३० नोव्हेंबर २०२७ पर्यंत मिळेल. गोव्याची सहल, सोन्याचं नाणं असल्या स्कीम आमच्याकडे नाहीत.

आपला विभाग गडहिंग्लज आणि आजरा हे दोन तालुके. चंदगड त्यात नाही. तिथे दुसरा डीलर नेमायचा आहे. १ नोव्हेंबर २०२६ ते ३१ ऑक्टोबर २०२७ या काळात आपल्या दोन तालुक्यांत आम्ही दुसरा डीलर नेमणार नाही. मात्र एप्रिलअखेर २० पंपसुद्धा उचलले गेले नाहीत, तर ३० दिवसांची लेखी सूचना देऊन आजऱ्याला वेगळा डीलर देऊ. बाहेरच्या तालुक्यातला शेतकरी आपल्या दुकानात आला तर त्याला खुशाल विका. बाहेर जाऊन बोर्ड लावणं किंवा सबडीलर नेमणं नको.

आता अवघड भाग. काही शेतकरी थेट शिरोलीला येतात, आणि पाणीपुरवठा संस्था कारखान्याकडेच कोटेशन मागतात. अशी विक्री आम्ही थांबवू शकत नाही. पण पंप आपल्या दोन तालुक्यांत बसणार असेल, तर बिलाच्या ४ टक्के रक्कम आपल्या खात्यावर जमा होईल आणि बिलाची प्रत आपल्याला येईल. संकेश्वरकडून सीमेपलीकडचा माल येतो, ही आपली तक्रारही खरी आहे. त्यासाठी प्रत्येक पंपाच्या नेमप्लेटवरचा नंबर आम्ही डीलरवार नोंदवतो. नंबरचा फोटो पाठवा. माल कुणाच्या बिलावर गेला ते दोन दिवसांत कळवू.

सेवेचं असं : वॉरंटी शेतकऱ्याच्या बिलापासून १२ महिने. तक्रार आली की ४८ तासांत आमचा मेकॅनिक येईल. आपल्या मेकॅनिकने काम केलं तर वॉरंटीतल्या प्रत्येक दुरुस्तीला ३५० रुपये आणि पार्ट फुकट. पंप कारखान्यात न्यावा लागला तर सात कामाच्या दिवसांत परत, नाहीतर बदली पंप. कमी व्होल्टेजने किंवा पाण्याविना चालून वायंडिंग जळालं, तर ते वॉरंटीत बसत नाही. हे पंप विकतानाच शेतकऱ्याला सांगावं, नंतरचं भांडण आपल्याच काउंटरवर होतं. एका वेळी सहा पंप घेतले तर गडहिंग्लजपर्यंतचं भाडं आमचं. दुकानाचा एक बोर्डही आमच्या खर्चाने.

आपल्याकडून ५०,००० रुपये अनामत लागेल, त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज. दुकानात ३ एचपी आणि ५ एचपीचे किमान दोन-दोन पंप कायम असावेत. प्रत्येक बिलावर पंपाचा नंबर लिहावा, आणि आमच्या पंपात बाहेरचा इंपेलर बसवू नये. उधारी ३० दिवसांपुढे गेली तर पुढचा माल रोखीनेच. आमची उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही.

सोडायचं झालं तर दोघांपैकी कुणीही ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी. न उघडलेला माल बिलाच्या दरात ५ टक्के वजा करून परत घेऊ. अनामत हिशेब मिटल्यापासून ३० दिवसांत मिळेल. डीलरशिप आम्ही काढून घेतली, तर ते ५ टक्केही कापणार नाही.

मंगळवारी, २९ सप्टेंबरला मी स्वतः दुकानावर येतो, कराराचा मसुदा घेऊन. पितृपक्षात सही नको वाटत असेल तर दसऱ्याला करू. यातला एखादा आकडा पटत नसेल तर पत्रावरच खूण करून ठेवा.

कळावे,
आपला,
कारखान्याचा मालक