पोस्टमनमामा, आज तरी बसा

(शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीकडून. मामांच्या निरोपाच्या दिवशी, मारुतीच्या देवळासमोर वाचायला.)

बसा मामा, आज तरी बसा जरा या कट्ट्यावर,
पिशवी ठेवा खाली आणि टोपी ठेवा मांडीवर.
छत्तीस वर्षं म्हणत आलो, "बसा की ओ, च्या घ्या,"
छत्तीस वर्षं उत्तर एकच, "परत कधी, आता जाऊद्या.
अर्धी गल्ली राहिली अजून, वाट बघत्यात लोक,"
म्हणत सायकल वळायची अन् गाठायची गल्लीचं टोक.
आज पिशवी रिकामी आहे, कुठं जायची घाई नाही,
च्या घेतल्याबिगर सोडील अशी इथं एक बाई नाही.

१९८९ साली तुम्ही आलासा पहिल्यांदा या दारी,
खाकी कपडे, अंग बारीक, अन् खांद्यावर पिशवी भारी.
दोन वर्षांनी सून होऊन मी आले याच गल्लीत,
माहेर माझं गडहिंग्लज, जीव आईच्याच खोलीत.
फोन वाड्यात नव्हता, जाणं सणालाच परवडायचं,
आईचं निळं अंतर्देशीय तुमच्या पिशवीत सापडायचं.
बाकीचं टपाल कट्ट्यावर, दाराच्या फटीत, चौकटीवर,
माझं पत्र मात्र कधी टाकलं नाही ओसरीवर.
सायकल टेकून थांबायचा, घंटी वाजवायचा दारावर,
हातात पत्र धरून उभे, मी पदर घेत येईस्तोवर.
"गडहिंग्लजचं आलंय पोरी," एवढंच म्हणायचा हळू,
नव्या सुनेला तेवढ्यानंच येऊ लागायचं रडू.
हे मी कधी बोलले नाही, आज बोलते चारचौघांत,
माहेर माझं पाच मिनिटं असायचं तुमच्या हातात.

पाकिटावर नुसतं "पाटील, शुक्रवार पेठ" लिहिलेलं,
गल्लीत पाटील सात घरं, अन् तुम्ही अक्षर ओळखलेलं.
"इचलकरंजीचं अक्षर हाय, म्हंजे वरच्या मजल्यावरचं,"
एकदाबी चुकलं नाही ओ पाकीट कुठल्या घरचं.

कोपऱ्याला हळद-कुंकू, तर हाक यायची वळणावरनं,
"आक्का, लगीन निघालं बघा, लागा तयारीला आत्तापास्नं!"
पोलीसभरतीचा कागद आला, हाक केवढी मोठी होती,
तालमीतली पोरं तेव्हा लंगोटावर धावली होती.
आणि कोपरा फाडलेलं कार्ड आलंच कधी पिशवीत,
घंटी वाजायची नाही, तुम्ही चालत यायचा गल्लीत.
घंटीविना सायकल दिसली की नळावरच्या बायका थांबत,
कुणाचं दार, कुणाचं दार, नजर जायची तुमच्यासोबत.
घरातल्या थोरल्या माणसाला बाजूला घेऊन बसायचा,
पाणी पिऊन झाल्यावरच कार्ड हळूच काढायचा.
दोन घरं राहिली असतील, तीसुद्धा मग थांबायची,
वाचणाऱ्याच्या पाठीवरनं हात तुमचा फिरायचा,
त्या दिवशी टपाल उशिरा आलं तर कुणी नाही रागवायचा.

कोपऱ्यावरच्या आज्जीला वाचता येईना, ल्योक तिचा मुंबईला,
मनीऑर्डर यायची त्याची महिन्याच्या सात तारखेला.
नोटा तशाच मुठीत धरून म्हातारी म्हणायची आधी,
"कुपनावर काय लिव्हलंय त्यो? येतोय म्हणतोय कधी?"
कुपनावर ओळ एकच, "मी खुशाल, काळजी नको,"
तुम्ही वाचायचा, "आई, थंडीत ओसरीवर झोपू नको."
ओळ ती लिहिलेली नव्हती, मला दिसायचं मागनं,
तेवढं खोटं तुमचं मामा देवानं घेतलं असंल मानून.
अंगठा उठवून झाला की शाई पुसायची लुगड्याला,
मूठभर भडंग द्यायची बांधून कागदात तुम्हाला.
आज्जी गेली त्याला झाली वर्षं, ल्योक येतो दिवाळीला,
गल्लीत पाऊल टाकताच शोधतो आधी तुमच्या सायकलीला.

१९९९ चा उन्हाळा, कारगिलची ती लढाई,
देवळामागच्या घरातला पोरगा होता शिपाई.
पत्त्यावर नुसतं "५६ एपीओ", गाव नाही, जिल्हा नाही,
कुठं आहे, कसा आहे, आईला काही ठाव नाही.
बातम्या लागल्या की ती टीव्हीला कान लावायची,
तुमची सायकल वळताना मात्र देवाकडं बघायची.
"आज न्हाई ओ वैनी" म्हणताना नजर खाली जायची,
पत्र येत नाही यात जणू चूक होती तुमची.
तीन आठवडे असेच गेले. मग एक सांज, काम संपलेलं,
मुसळधार पाऊस, अन् तुम्ही दारात, अंग चिंबलेलं.
शर्टाच्या आत, छातीशी, प्लास्टिकात गुंडाळलेलं पत्र,
"उशिराच्या थैलीत गावलं, म्हटलं जाऊ नये रात्र."
वैनींनी ते उघडलं नाही, आधी कपाळाला लावलं,
अन् तुम्ही पायरीवरनंच, "बरा हाय न्हवं?" विचारलं.
त्या रात्री त्या घरात मामा, महिन्यानं चूल पेटली नीट,
तुम्ही भिजत परत गेलासा, थंडी अंगात, अन् अंधारी वाट.
तोच पोरगा आज बघा, पेन्शन घेऊन आलाय घरी,
पहिला हार त्याच्याच हातचा, हे ठरलंय घरोघरी.

पंचगंगेचं पाणी आम्हाला तसं काही नवं नाही,
पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याकडं कान राही.
४३ फूट म्हणजे धोका, हे पोरंसुद्धा सांगतात,
२०१९ ला मात्र पाणी शिरलं थेट घरात.
आम्ही शाळेच्या खोलीत, सतरंजीवर वीस घरं,
पत्ते सगळे पाण्याखाली, कुलपं लावलेली दारं.
पाचव्या दिवशी चिखलातनं वाट काढत आलासा,
"गल्ली शोधत होतो म्हणलं, हितं येऊन बसलासा!"
तात्यांची पेन्शन होती, एका पोरीच्या नोकरीचा कॉल,
पिशवी कोरडी ठणठणीत, अंगाला तुमच्या गाळाची ओल.
एकेकाचं नाव घेऊन दिलंत, जसं देता दारोदारी,
सतरंजीच्या कोपऱ्यालाच म्हणालात, "हेच घर, ही ओसरी."
त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, आपण आहोत कुठंतरी.
नंतर कळलं, घरात तुमच्या कमरेएवढं पाणी होतं,
तुम्ही सांगितलं नाही, अन् आमच्या कुणी विचारलं नव्हतं.

पंधरा पैशांचं कार्ड तेव्हा, आता पन्नास पैशांना मिळतं,
लिहिणारं कोण उरलंय, ते लाल पेटीलाच कळतं.
तार गेली २०१३ ला, पत्रं आटली, बिलं आली,
पासपोर्ट, एटीएम कार्ड, राखीची पाकिटं राहिली.
पिशवीच्या जोडीला मग मोबाईल आला हातात,
म्हाताऱ्यांचे पैसे निघू लागले अंगठ्यावर घरात.
आधी भीत होता त्याला, मग नातवाकडनं शिकलासा,
साठीला टेकता टेकता नवं काम घेऊन फिरलासा.
२०२० ला सगळी दारं आतनं लावून घेतलेली,
औषधाची पार्सलं तुम्ही कट्ट्यावर ठेवून हाक दिलेली.

अंबाबाईच्या पायाशी मावळतीचं ऊन येतं,
वर्षातनं ठरल्या दिवशी, गाव बघायला जमतं.
तुमच्या येण्याला मामा कधी गर्दी जमली नाही,
रोज साडेअकराला आलासा, कुणी टाळी पिटली नाही.
आज वाजवा रे पोरांनो, तालमीचा ढोल काढा,
मामा लाजत्यात, लाजू द्या, थोडं तरी ऋण फेडा.

मामी, तुम्ही पुढं या की, मागं काय उभ्या राहिलासा,
यांच्या डब्याला छत्तीस वर्षं पहाटे तुम्ही उठलासा.
सणासुदीला उशिरा घरी पाठवलं आम्ही यांना,
पाडव्याचं ताट थांबायचं दिवाळीची कार्डं वाटताना.
ही साडी तुमची, हा फेटा त्यांचा, नाही म्हणू नका,
गल्लीतल्या बायकांनी निवडलाय रंग, घडी मोडू नका.
अन् मामा, सांजेला गंगावेशीत या, कट्ट्यावर दूध घेऊ,
घाटाच्या पायऱ्यांवर मग घटकाभर बसून येऊ.

आता ऐका, गल्लीनं एक ठरवलं तुम्हाला न सांगता,
रविवारभर सगळी बसली होती पोस्टकार्डं लिहिता लिहिता.
प्रत्येक घरचं एक कार्ड, कुणाचं अक्षर वाकडंतिकडं,
बारकीनं सायकल काढलीय, एक चाक मोठं, एक बोटाएवढं.
लिहून झालं, अन् मग सगळी बघत राहिलो एकमेकांना,
छत्तीस वर्षं आमचे पत्ते तुम्हाला पाठ, अन् आम्हाला
तुमचा पत्ता विचारावा लागला पोस्टात मागल्या आठवड्याला.
खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी पाहिजे तो?"
"आमच्या मामांसाठी," म्हटलं, "जो आमच्या दारी येतो."

हातात नाही देत आम्ही, पेटीत टाकलीत सकाळी,
शिक्का बसून रीतसर येतील दारी आपल्या वेळी.
उद्या नाही तर परवा मामा, ध्यान असू द्या घंटीकडं,
कुणी दुसरा पोस्टमन येईल गठ्ठा घेऊन तुमच्याकडं.
पोरगा नवा असेल, उन्हातनं येईल, घाईत असेल फार,
"अर्धी गल्ली बाकी हाय," म्हणत वळू लागेल माघार,
बसा म्हणा त्याला मामा, तांब्याभर पाणी द्या गार.