न्यायालयाचा अवमान: दिवाणी की फौजदारी, आणि सत्याचा बचाव (सराव प्रश्नसंच)

न्यायाधीश पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या पुण्यातील गटासाठी. एकूण ९ प्रश्न, वेळ १५ मिनिटे, प्रत्येकी २ गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. 'अधिनियम' म्हणजे न्यायालय अवमान अधिनियम, १९७१. घटना काल्पनिक आहेत. उत्तरे शेवटी दिली आहेत; आधी कागदावर खूण करा, मग खाली जा.

१. कोथरूडमधल्या सोसायटीच्या दाव्यात शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयाने बिल्डरला पार्किंगच्या जागेत बांधकाम करण्यास तात्पुरती मनाई केली. बिल्डरने हुकूम सही करून घेतला. चौथ्या दिवशी भिंत कंबरेएवढी चढली होती. हे काय?
अ) फौजदारी अवमान, कारण हुकूम मोडणे हा गुन्हा आहे
ब) दिवाणी अवमान
क) दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत अवमान नाही
ड) सोसायटीचे नुकसान सिद्ध झाले तरच दिवाणी अवमान

२. त्याच सोसायटीने सर्वांत आधी काय करणे सोयीचे?
अ) उच्च न्यायालयात अवमान याचिका
ब) पोलिसांत तक्रार
क) त्याच न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २अ खाली अर्ज
ड) महाधिवक्त्यांची संमती मागणे

३. लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या भाडेकरूने सहा महिन्यांत जागा सोडण्याची लेखी हमी न्यायालयाला दिली. शेवटच्या आठवड्यात तो अतिदक्षता विभागात होता. घरी आल्यावर बाराव्या दिवशी त्याने किल्ल्या दिल्या.
अ) अवमान झाला, हमी मोडली की पुरे
ब) अवमान नाही, कारण हमीभंग हेतुपुरस्सर नाही
क) फौजदारी अवमान झाला
ड) हमीभंग हा कधीच अवमान नसतो

४. यांपैकी फौजदारी अवमान कोणता नाही?
अ) सुनावणीला निघालेल्या साक्षीदाराला कोर्टाच्या पायऱ्यांवर दम देणे
ब) न्यायाधीशाने पैसे घेऊन निकाल दिला असा खोटा फलक लावणे
क) अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणात न्यायालयाने पुरावा कसा चुकीचा वाचला हे दाखवणारा लेख
ड) चालू खटल्यात साक्षी बदलाव्यात म्हणून आरोपीची बाजू घेत मोहीम चालवणे

५. एका पाक्षिकाच्या संपादकाने लिहिले, 'ज्या कंपनीचा खटला या न्यायाधीशांनी ऐकला, तिचे शेअर त्यांच्या कुटुंबाकडे होते.' त्याच्याकडे कागदपत्रे आहेत. कायद्यात बसणारे विधान कोणते?
अ) मजकूर खरा ठरला की सुटका आपोआप होते
ब) सत्य हा अवमानात बचावच नाही
क) बचाव लोकहिताचा आहे आणि तो मागणे प्रामाणिक आहे असे पटले, तर न्यायालय परवानगी देऊ शकते
ड) हा बचाव फक्त दिवाणी अवमानाला लागू आहे

६. तीन अर्ज हरलेल्या पक्षकाराने समाजमाध्यमावर एका न्यायाधीशाला सलग 'लाचखोर' म्हटले. नोटीस आल्यावर तो म्हणतो, 'हे खरंच आहे, कोर्टात सगळे हेच बोलतात.' त्याचा बचाव कुठे पडतो?
अ) फक्त लोकहिताच्या मुद्द्यावर
ब) सत्याचा पुरावा आणि प्रामाणिकपणा, दोन्ही ठिकाणी
क) कुठेच नाही, मत मांडण्याचे स्वातंत्र्य पुरेसे आहे
ड) एक वर्षाच्या मुदतीवर

७. सत्याचा बचाव अधिनियमात कोणत्या दुरुस्तीने आला?
अ) १९५२
ब) १९७१
क) २००१
ड) २००६

८. पुण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची दखल उच्च न्यायालय कोणत्या मार्गाने घेते?
अ) कोणाही नागरिकाच्या थेट अर्जावरच
ब) जिल्हा न्यायालयाने पाठवलेला संदर्भ किंवा महाधिवक्त्यांचा अर्ज
क) पोलिसांचे दोषारोपपत्र
ड) कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे पक्षकाराचा अर्ज

९. कलम १२ नुसार कमाल शिक्षा आणि माफीविषयी बरोबर काय?
अ) एक वर्ष कैद, माफीला अर्थ नाही
ब) सहा महिने साधी कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, सशर्त माफी केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही
क) सहा महिने सक्तमजुरी, माफी बिनशर्तच हवी
ड) फक्त दंड

---

उत्तरे

१: ब. कलम २(ब): हुकूम, निर्णय किंवा न्यायालयाला दिलेली हमी हेतुपुरस्सर मोडणे. अवमान दिवाणी की फौजदारी हे दाव्याच्या प्रकारावरून ठरवू नका, इथेच निम्मे गुण जातात. फौजदारी खटल्यातला हुकूम न पाळणेही दिवाणी अवमान ठरू शकते.

२: क. मनाई मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करणे आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग, दोन्ही याच नियमात आहे. हा उपाय हाताशी असताना थेट वर गेलात, तर उच्च न्यायालय सहसा 'आधी खाली जा' म्हणते.

३: ब. 'हेतुपुरस्सर' हा शब्द अर्ध्या उत्तरांचा निकाल लावतो. मात्र दुकान चालू असते आणि भाडेकरू निवांत गल्ल्यावर बसलेला असता, तर उत्तर फिरले असते.

४: क. कलम ५ निकालाच्या गुणदोषांवर रास्त टीका करू देते. अट अशी की प्रकरण अंतिमतः निकाली निघालेले असावे. उरलेले तिन्ही पर्याय कलम २(क) मध्ये येतात: न्यायालयाची बदनामी, चालू कामात ढवळाढवळ, न्यायदानात अडथळा.

५: क. कलम १३(ब) सावकाश वाचा. तिथला शब्द 'देऊ शकते' असा आहे, 'दिलीच पाहिजे' असा नाही. पर्याय 'अ' फार मोहक आहे, कारण बदनामीच्या दिवाणी दाव्यात खरेपणा पुरतो. अवमानात सत्याला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले लोकहिताचे: न्यायाधीशांच्या खासगी आयुष्यातली खरी पण बिनकामाची गोष्ट इथेच अडते. दुसरे दार प्रामाणिक मागणीचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आर. के. जैन प्रकरणात म्हटले की, मुद्दाम केलेली बदनामी लपवायला सत्याचे पांघरूण घेतलेले नसेल, तर हा बचाव सामान्यतः द्यावा. संपादकाजवळ शेअरची नोंद, त्याची तारीख आणि सुनावणीची तारीख हे तिन्ही असेल तर तो पहिल्या उत्तरातच शपथपत्रासह बचाव मागतो. वाट पाहत बसत नाही. 'ड' चुकीचा, कारण 'अवमानाच्या कोणत्याही कार्यवाहीत' असे कलम म्हणते. प्रत्यक्षात मात्र बचाव फौजदारी अवमानातच कामी येतो. हुकूम मोडणाऱ्याला 'पण हे खरे आहे' म्हणून काय मिळणार?

६: ब. 'सगळे बोलतात' हा पुरावा नाही, ऐकीव आहे. नोटीस आल्यावर सुचलेला बचाव संशयास्पद वाटतोच, त्यात हरलेल्या अर्जांचा राग दिसत असेल तर प्रामाणिकपणा दाखवणे आणखी कठीण. लोकहिताचा मुद्दा इथे कदाचित टिकलाही असता, म्हणून 'अ' नाही.

७: ड. १७ मार्च २००६ पासून. त्याआधी न्यायालये सत्याचे समर्थन मानत नव्हती.

८: ब. कलम १५(२). सुनावणी किमान दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे होते, कलम १८. 'ड' हा सापळा: ऑगस्ट २०२५ पासूनच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत, पुणे मुंबईकडेच. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या अवमानासाठी मात्र नागरिक महाधिवक्त्यांची (सर्वोच्च न्यायालयात महान्यायवादी किंवा महान्यायाभिकर्त्यांची) लेखी संमती घेऊन जाऊ शकतो.

९: ब. कैद साधी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना एक रुपया दंड केला होता, म्हणजे २,००० ही वरची मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. माफी मनापासूनची असावी. शिक्षा जवळ दिसताच लिहिलेली माफी न्यायालय ओळखते.