दोन लॅपटॉप, एक मुलगी आणि तिची फौज

(सांगली, विश्रामबाग. संध्याकाळची वेळ. वडील तासगावचे, द्राक्षबागायतदार. हातात मुलीनं लिहून दिलेली चिठ्ठी.)

दुकानदार : या काका, बसा. काय दाखवू?

वडील : पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. बी.कॉमला आहे, सीएचंही करतीय. चिठ्ठी दिलीय बघा. अभ्यासाचं एक वाक्य, गेमची चार.

दुकानदार : (वाचत) सिव्हिलायझेशन सिक्स, एज ऑफ एम्पायर्स टू... हां, डावपेचाचे गेम आहेत. गोळीबाराचे नाहीत.

वडील : गेम तो गेमच की हो. रात्री एक वाजता खोलीत उजेड असतो. विचारलं तर म्हणते, "बाबा, एकच टर्न राहिलाय."

दुकानदार : त्या गेमची ती ख्यातीच आहे. पण काका, बुद्धिबळातल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या, स्वाती घाटेंच्या सांगलीत उभं राहून डावपेचाच्या खेळाला नावं ठेवताय?

वडील : बुद्धिबळाला चारशे रुपयांचा पट पुरतो. ह्याला किती लागतायत ते सांगा.

दुकानदार : (हसत) हे दोन बघा. हा पातळ, चौदा इंची, एक किलो चारशे ग्रॅम. सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अठ्ठावन्न हजार. आणि हा जाड, आरटीएक्स 3050 कार्डवाला, आठ जीबी रॅम. अडुसष्ट हजार.

वडील : महागात रॅम कमी? उलटंच की.

दुकानदार : दहा हजार त्या कार्डाचे. मारधाडीचे नवे गेम असते तर मी डोळे झाकून हाच दिला असता. हिचे गेम जुने आहेत. एज ऑफ एम्पायर्स टू मूळ 1999 चा, 2019 मध्ये नव्या रूपात आला. सिव्हिलायझेशन सिक्स 2016 चा. कंपनीच आठ जीबी रॅम आणि दोन जीबीचं कार्ड पुरे म्हणते. त्यात खेळ पुढं सरकला की कॉम्प्युटरचे सात-आठ राजे आपापली चाल ठरवत बसतात. ते काम प्रोसेसरचं. कार्ड तेव्हा नुसतं बघत असतं.

वडील : पण ह्या पातळ्याला कार्डच नाही म्हणता.

दुकानदार : चित्र काढायचं काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो आणि त्यासाठी रॅममधला वाटा घेतो. म्हणून तर सोळा हवी. चित्राची सफाई मधल्या दर्जावर ठेवावी लागेल, डोंगरांची सावली जरा कमी दिसेल. लढाई तीच.

वडील : खोट काय ह्यात? ती सांगा आधी.

दुकानदार : दोन. एक, रॅम बोर्डालाच डकवलेली आहे, पुढं वाढवता येणार नाही. जाड्यात एक स्लॉट मोकळा आहे. दुसरी, पातळ अंगात हवा खेळत नाही. तास-दीड तास सलग खेळली की तापतो आणि मग स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो.

वडील : म्हणजे जास्त खेळलं की हा आपोआप मंदावतो?

दुकानदार : हो, पण...

वडील : मग पण कशाला? हाच द्या!

दुकानदार : काका, तसा नाही हो बंद पडत! टर्नला दहा सेकंद लागायचे तिथं पंधरा लागतील, एवढंच. ती खेळणारच. रात्रीच्या उजेडाचं तुमचं तुम्हीच तिच्याशी बोला. कॉलेजला रोज जाऊन-येऊन करते का?

वडील : तासगावहून एसटीनं. निम्म्या वेळा उभ्यानंच.

दुकानदार : मग जाड्याचं वजन बघा, सव्वादोन किलो आणि वर हा विटेएवढा चार्जर. उचला. घरी लाइट जाते?

वडील : न जायला काय झालं!

दुकानदार : कार्डवाला बॅटरीवर गेमला तास-सव्वा तासात माना टाकतो, वेगही पडतो. पातळ्यावर एक्सेल, टॅलीचं काम पाच-सहा तास निघतं. एकदा पोरीला फोन लावा मात्र. टोटल वॉर नावाचा गेम डोक्यात असेल तर माझा सल्ला बदलेल. त्यात हजारो सैनिक एकदम मैदानात दिसतात, तिथं कार्ड लागतं.

वडील : (फोनवर) हां, दुकानातच आहे. ते टोटल वॉर खेळायचंय का तुला?... नाही?... थांब, काय?... (दुकानदाराकडे वळून) विचारतीय, सोळा जीबी एकच पट्टी आहे की दोन वाटांनी.

दुकानदार : ड्युअल चॅनल आहे म्हणावं. पोरगी हुशार आहे काका, चित्राचा वेग त्यावरही बराच ठरतो. काम कार्डाशिवाय भागायचं तर हाच प्रश्न विचारायला हवा.

वडील : (फोन ठेवत) बरं म्हणाली. आता बोला, शेवटचा भाव?

दुकानदार : सत्तावन्न. जीएसटी धरून, पक्कं बिल, एक वर्षाची वॉरंटी.

वडील : छप्पन करा, आणि ती पिशवी.

दुकानदार : पिशवी कंपनीचीच येते. सत्तावन्नात माऊस देतो वायरचा. टचपॅडवर बोट फिरवत एज ऑफ एम्पायर्स खेळली तर पहिल्याच हल्ल्यात गाव जळेल तिचं.

वडील : साडेछप्पन. माऊससकट.

दुकानदार : ...आधारवरचं नाव सांगा, बिल करतो.