गृहपाठाचा निरोप येतो, वर्कशीटचा फोटो येत नाही : पालकांसाठी

दि. २८ नोव्हेंबर २०२५, नागपूर

तिसरी 'ब' च्या सर्व पालकांना सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यापासून एक तक्रार रोज कानावर येते आहे. "मॅडम, मेसेज आला, पण फोटोच नाही आला ना जी." कधी पालक गेटवर सांगतात, कधी मूलच वही उघडून कोरं पान दाखवतं. दोन-चार घरांची गोष्ट असती तर फोनवर बोलून सोडवली असती. पण यात निम्म्याहून जास्त वर्ग आहे, म्हणून हे पत्र. मुलांच्या वहीत ठेवून देते आहे आणि ग्रुपवरही टाकते आहे. घरात मुलाचा अभ्यास जे कोणी घेतात, मग आजी असो की ताई, त्यांनाही वाचायला द्या.

आधी एक सांगते. फोटो शाळेकडून जातो. गृहपाठ टाकल्यावर मी शाळेच्या दुसऱ्या फोनवर तो उघडून बघते, तिथे फोटो व्यवस्थित दिसतो. म्हणजे अडचण पुढे कुठेतरी आहे. गेल्या आठवड्यात आलेल्या पालकांना मी एकच विचारलं, "फोन दाखवा बरं." बहुतेक वेळा फोटो एक तर त्याच फोनमध्ये बंद होता, नाही तर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना मागे राहिला होता.

हे दुसरं कारण सगळ्यांत जास्त दिसलं. आपल्या वर्गाच्या ग्रुपमध्ये बहुतेक घरांतून एकच नंबर आहे आणि तो बहुधा बाबांचा. बाबा बुटीबोरीला किंवा मिहानला ड्युटीवर. दुपारी मेसेज आला की ते तो आईला पाठवतात. पाठवताना मेसेजवर बोट दाबून धरतात, Copy करतात आणि आईच्या चॅटमध्ये Paste करतात. इथेच फोटो सुटतो, कारण Copy केल्यावर फोटोखालचा मजकूर तेवढा उचलला जातो. आईला मिळतं, "सोबतच्या नकाशात कन्हान नदी निळ्या रंगाने दाखवा." सोबत नकाशा नसतोच. त्यामुळे Copy करू नका. मेसेजवर बोट दाबून धरलं की वर बाण येतो, तो Forward चा. त्याने फोटो आणि मजकूर दोन्ही जातात. पाठवण्याआधी खाली मजकूर दिसतो आणि त्याच्याजवळ एक फुली असते. तिला हात लावू नका, नाही तर उलटं होईल : फोटो जाईल आणि सूचना राहतील.

याहून सोपा उपाय म्हणजे घरात जो अभ्यास घेतो त्याचा नंबर मला कळवा. मी तो ग्रुपमध्ये घेते. एका घरातून दोन नंबर चालतील. आजोबांचा दिला तरी चालेल.

आता फोटो त्याच फोनमध्ये असून दिसत नाही, त्याविषयी. फोटोच्या जागी धूसर चौकोन दिसतो आणि त्यावर खाली जाणारा बाण असतो. तो बाण दाबल्याशिवाय फोटो उतरत नाही. बऱ्याच जणांनी नेट वाचवायला फोटो आपोआप उतरणं बंद करून ठेवलंय. त्यात चूक काही नाही. ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ जे फुलांचे फोटो आणि व्हिडिओ येतात ते बघता मी म्हणेन, बंदच बरं. फक्त गृहपाठाचा बाण आठवणीने दाबा, आणि त्याच दिवशी दाबा. बरेच दिवस उलटून गेल्यावर दाबला तर फोटो उतरेलच असं नाही. ज्यांना आपोआप हवा असेल त्यांनी व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Storage and data, मग When using mobile data उघडून Photos समोर खूण करावी. Videos समोर करू नका, दिवसाचं नेट दुपारीच संपेल.

बाण दाबूनही फोटो फिरत राहत असेल तर आधी फोनमधली जागा बघा. जागा भरली की साधा मेसेज येतो, कारण त्याला जागा जवळपास लागतच नाही. फोटो मात्र अडतो. म्हणूनच 'मेसेज येतो, फोटो येत नाही' हे इतक्या घरांत एकाच वेळी होतंय. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे सगळे व्हिडिओ अजून फोनमध्येच आहेत. Storage and data मध्येच Manage storage आहे, तिथे मोठे व्हिडिओ वर दिसतात. नको ते काढून टाका. एका आईंच्या फोनची तारीखच चुकलेली होती, ती दुरुस्त केल्यावर फोटो उतरला. फोन पूर्ण बंद होऊन सुरू झाला असेल तर तेही एकदा बघून घ्या.

काही जण गॅलरीत शोधतात आणि म्हणतात फोटो नाही. गॅलरीत नसला तरी ग्रुपमध्ये असू शकतो. ग्रुपच उघडा.

हे सगळं इतकं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. फोटो आला नाही म्हणून गृहपाठ राहिला, तर त्याची मला काळजी नाही, दुसऱ्या दिवशी करून घेता येतो. फोटो नसताना मूल काय करतं, ते मी रोज वह्यांत बघते आहे. एका मुलीने "चित्र पाहून उत्तरे लिहा" हे वाक्य सुवाच्य अक्षरात पानभर लिहून आणलं. वेळ किती गेला असेल! एका मुलाने स्वतःच चित्र काढलं : तलाव, त्यात दोन नावा, काठावर भुट्टेवाला. मग माझे पाचही प्रश्न त्या चित्रावर सोडवले. 'चित्रात किती माणसे आहेत?' 'एक, भुट्टेवाला.' त्याच्या चित्राप्रमाणे सगळी उत्तरं बरोबर होती, मी पूर्ण गुण दिले. पण सगळ्यांना असं सुचत नाही. काही मुलं रात्री रडतात, हे आयाच सांगतात.

आणि नकाशाचं ऐका. जिल्ह्याच्या वर्कशीटमध्ये तालुक्यांची नावं भरायची होती. ज्यांना फोटो मिळाला नाही त्यांनी शेजाऱ्यांकडून मागवला. शेजाऱ्यांच्या मुलाचं वर्कशीट तोवर सोडवून झालं होतं, त्याचाच फोटो आला. परिणाम असा की बऱ्याच वह्यांत रामटेकच्या जागी उमरेड, तेही एकाच अक्षरवळणात. रामटेक आपल्या ईशान्येला, उमरेड आग्नेयेला. ज्यांचे मामा उमरेडला राहतात त्या मुलीनेसुद्धा तसंच उतरवलं. म्हणून विनंती, एकमेकांना फोटो जरूर द्या, पण ग्रुपमधला मूळ फोटो द्या. सोडवलेलं वर्कशीट ग्रुपवर टाकू नका. तपासायचं असेल तर मूल वही घेऊन येतंच आहे.

१ डिसेंबर, सोमवारपासून मी गृहपाठ असा पाठवणार आहे. फोटो आणि सूचना एकाच मेसेजमध्ये असतील, सूचना फोटोखाली. सूचनेच्या पहिल्याच ओळीत किती फोटो आहेत ते लिहिलेलं असेल, उदाहरणार्थ "परिसर अभ्यास, सोबत २ फोटो." दोन म्हटले आणि तुम्हाला एकच दिसला, तर समजा की एक वाटेत आहे. ज्या दिवशी वर्कशीट नसेल त्या दिवशी "फोटो नाही" असं स्पष्ट लिहीन, म्हणजे नसलेला फोटो कोणी शोधत बसणार नाही. मेसेज दुपारी २ ते ३ च्या दरम्यान येईल. पुस्तकातल्या पानाचा फोटो मी पाठवणार नाही, पान क्रमांक देईन. पुस्तक सगळ्यांकडे आहे.

त्यानंतरही फोटो मिळाला नाही तर संध्याकाळी ७ पर्यंत मला वैयक्तिक मेसेज करा. "फोटो नाही" एवढे दोन शब्द पुरेत, नमस्कार-चमत्कार नको. मी लगेच पुन्हा पाठवते. सातनंतर कळलं तर सरळ मुलाला झोपवा. वहीत तारीख घालून "फोटो मिळाला नाही" असं लिहून सही करा. त्या मुलाला वर्गात कोणी काही बोलणार नाही, मीही नाही. मधल्या सुट्टीत मी वर्कशीट देईन, ते शाळेतच होईल. मात्र ही सही रोजची झाली तर मी फोन करेन, आणि फोनमधल्या जागेचंच विचारेन.

वर्कशीट छापून आणायची गरज नाही. काही पालक रात्री झेरॉक्सचं दुकान शोधत फिरले असं कळलं. कशाला बाप्पा! फोटो बघून वहीत प्रश्न उतरवले तरी चालतं. तिसरीच्या मुलाला तेवढं लिहिता यायलाच हवं, हाताला वळणही लागतं. फक्त नकाशा किंवा आलेख असेल तेव्हा त्याचा कागद मी आदल्या दिवशी वर्गातच हातात देईन.

ज्यांच्या घरी साधा फोन आहे, किंवा मोठा फोन रात्री आठनंतरच घरी येतो, त्यांनी संकोच न करता सांगा. पुढच्या महिन्यात अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्स, सदरकडून येणाऱ्यांना घरी पोहोचायला आणखी उशीर होतो, ते मला माहीत आहे. अशा मुलांना वर्कशीटचा कागद सुट्टी होतानाच दप्तरात मिळेल. यासाठी कारण सांगायची किंवा अर्ज करायची गरज नाही. मुलाच्या हाती चिठ्ठी दिली तरी पुरे. शिवाय रोजचं वर्कशीट दुपारी गेटजवळच्या फलकावर लावलेलं असेल, व्हॅनवाले दादा किंवा घ्यायला येणारे आजोबा तिथून फोटो काढू शकतात.

तालुक्यांचा नकाशा ज्यांचा राहिला आहे किंवा उतरवलेला आहे, त्या सगळ्यांना सोमवारी नवा कोरा कागद मिळेल. तो शुक्रवार, ५ डिसेंबरपर्यंत जमा करायचा आहे. घरी बसून चौदाही तालुके मुलासोबत शोधा. आपले नातेवाईक कुठे आहेत, काटोलला की कुहीला, तिथून सुरुवात केली तर पटकन होतं.

खालची चिठ्ठी भरून सोमवारी वहीत पाठवा : मुलाचे नाव, ग्रुपमध्ये कोणता नंबर हवा, आणि कागद हवा की फोटो.

आपली,
वर्गशिक्षिका, तिसरी 'ब'