प्रश्नपत्रक: डिस्लेक्सिया असलेली मुलगी आणि जलचक्राचा पाठ

सादरीकरण २० मिनिटांचं, चर्चेला अर्धा तास. सगळे प्रश्न होणार नाहीत. तिसरा मात्र गाळू नका.

प्रसंग: पाचवीचा वर्ग, जलचक्रावरचा दीड पानी पाठ. तोंडी विचारलं तर ही मुलगी ओल्या फडक्याचं उदाहरण देऊन बाष्पीभवन चोख समजावते. पुस्तकात तोच शब्द आला की 'बा...' म्हणून थांबते आणि पुढचं अंदाजाने 'बादली' करते. मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू येते.

१. ती नेमकी कुठे अडते? आशय समजण्यात, की अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात? कशावरून म्हणता? ('लक्षच देत नाही' असं उत्तर आलं तर प्रसंग पुन्हा वाचायला लावा.)

२. पाठ ध्वनिमुद्रित करून ऐकवला, तर जलचक्र शिकण्यात काय उणं पडतं? तास वाचनाच्या सरावाचा असता, तर हेच उत्तर दिलं असतं का?

३. रांगेने प्रकटवाचन चालू आहे. तिच्या आधी चार मुलं आहेत. त्या चौघांचं वाचन तिच्या कानावर पडत असेल, की ती आपल्या वाट्याचा परिच्छेद मोजत असेल? तिला वगळून पुढच्या मुलाकडे गेलात, तर वर्गाला काय कळलं? आणि तिला? आदल्या दिवशी तीन ओळी ठरवून दिल्या तर? की 'वाचायचं असेल त्यानेच हात वर करा' हा नियम सगळ्यांनाच लावायचा? मग जोडीने वाचताना तिचा जोडीदार कोण निवडणार?

४. मोठा टाइप, ओळींत मोकळी जागा, एका पानावर थोडाच मजकूर. अशी कृतिपत्रिका एकटीला द्याल की अख्ख्या वर्गाला? कुणीतरी रंगीत कागद सुचवेलच. रंगामुळे वाचन सुधारतं याला भक्कम आधार नाही, आणि तो कागद शेवटच्या बाकावरूनही दिसतो. तरी द्याल?

५. उत्तरात तिने 'बाश्पिभवन' लिहिलंय, आकृती अचूक आहे. विज्ञानाचा गुण कापायचा का? एका पानावर किती चुकांना लाल शाई लावाल?

६. 'तिला जादा वेळ का?' असं एखाद्या मुलाने भर वर्गात विचारलं. तिचं निदान चारचौघांत न काढता काय सांगाल? नेमकं वाक्य लिहा आणि ते मोठ्याने म्हणून बघा. कागदावर बरी वाटणारी बरीच वाक्यं इथे पडतात.

७. जादा वेळ, लेखनिक, ऐकून शिकणं यांतलं तिला काय हवंय, हे तिलाच विचारलंत का? कुठे विचारलंत: टेबलापाशी, सगळ्यांदेखत?