शाळा हलवायची की शिक्षक? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि वाडीवस्तीवरची प्राथमिक शाळा

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील सातवे प्रकरण शाळा संकुलांविषयी आहे. धोरणाच्या पहिल्या काही प्रकरणांवर, म्हणजे मातृभाषेतील शिक्षण, पायाभूत साक्षरता आणि ५+३+३+४ या नव्या आकृतिबंधावर भरपूर लिहिले गेले. हे प्रकरण मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले. ज्या शाळांच्या दारात दहा-बारा जोडी चपला असतात, त्यांचे भवितव्य मात्र याच काही पानांवर ठरत आहे.

प्रकरणाची सुरुवात आकडेवारीने होते. २०१६-१७ च्या यू-डायस, म्हणजे देशभरातील शाळांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी माहितीप्रणालीनुसार, देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी विद्यार्थी होते. एकशिक्षकी शाळांची संख्या १,०८,०१७ होती आणि त्यांपैकी ८५,७४३ शाळा पहिली ते पाचवीच्या होत्या. यावरून धोरण निष्कर्ष काढते की अशा शाळा आर्थिकदृष्ट्या परवडणाऱ्या नाहीत आणि चालवायलाही गुंतागुंतीच्या आहेत. त्यावर उपाय म्हणून एक माध्यमिक शाळा आणि तिच्याभोवतीच्या पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातील अंगणवाड्यांसह सर्व लहान शाळा यांचे एक संकुल करावे, त्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडा, संगीत व चित्रकलेचे शिक्षक सामायिक असावेत, असे धोरण सुचवते. ही कल्पना १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानेच मांडली होती, हेही धोरण मान्य करते. शाळांचे एकत्रीकरण करायचे झाल्यास ते विवेकाने आणि शिक्षणाच्या उपलब्धतेवर परिणाम होणार नाही याची खात्री करूनच करावे, असा इशाराही त्यात आहे.

म्हणजे धोरणाच्या शब्दांत दोन वेगवेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी नांदत आहेत. पहिल्या गोष्टीत शाळा जागेवर राहते आणि साधने व शिक्षक फिरतात. दुसऱ्या गोष्टीत साधने व शिक्षक जागेवर राहतात आणि मुले फिरतात. धोरणाचा भर पहिल्यावर आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि मजकूर वाचला तर ते खरेही वाटते. परंतु राज्यांनी २०२५ पर्यंत शाळांचे गट करावेत किंवा त्यांचे सुसूत्रीकरण करावे, अशी मुभा याच प्रकरणाने दिली आहे. ‘सुसूत्रीकरण’ हा शब्द जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ काय होतो, हे कोणाही केंद्रप्रमुखाला, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारावे. मी स्वतः सह्याद्रीच्या एका तालुक्यात तेरा वर्षे केंद्रप्रमुख होतो. शब्दाचा अर्थ लावण्याचे काम आमच्याकडे कधीच नव्हते, पण तो लागू करण्याचे काम नेहमीच असे.

महाराष्ट्राचे उदाहरण पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांऐवजी त्यांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोग त्यासाठी नमुना म्हणून पुढे ठेवले गेले. त्या वेळच्या आकडेवारीनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत होते आणि २९,७०७ शिक्षक शिकवत होते. म्हणजे सरासरी प्रत्येक शाळेत साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. आता तीस मुलांमागे एक शिक्षक या प्रमाणाने भागाकार केला, तर या मुलांसाठी सहा हजारांच्या आसपास शिक्षक पुरतात आणि कागदावर तेवीस हजारांहून अधिक पदे ‘वाचतात’. समूह शाळेच्या शैक्षणिक फायद्यांविषयी कितीही लिहिले गेले, तरी या प्रस्तावाचे खरे आकर्षण या भागाकारात आहे, असे माझे मत आहे. हे धोरण येण्यापूर्वीच, २०१७ च्या अखेरीस, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांतील मुले जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय राज्याने घेतला होता. धोरणाने ही प्रवृत्ती निर्माण केली नाही, पण तिला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली.

या शाळा मुळात इतक्या लहान का आहेत, हा प्रश्न या चर्चेत सहसा विचारला जात नाही. त्या कोणाच्या चुकीने लहान राहिलेल्या नाहीत. वाडी, पाडा, तांडा आणि धनगरवाडा येथपर्यंत शिक्षण न्यायचे, असे राज्याने जाणीवपूर्वक ठरवले होते. २००० सालाच्या सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या आणि पुढे त्यांतील अनेक नियमित प्राथमिक शाळा झाल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शेजारच्या शाळेचे तत्त्व स्वीकारले आणि त्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर ठरवले. त्याच कायद्याच्या परिशिष्टाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षकांची हमी दिली. जी शाळा काल शाळाबाह्य मुलांच्या प्रश्नावरचे उत्तर होती, तीच आज खर्चाच्या ताळेबंदातील अडचण ठरते आहे.

एकत्रीकरणाच्या बाजूचे युक्तिवाद मात्र हलके नाहीत. पहिला युक्तिवाद शिकण्याचा आहे. चौथीत एकच मूल असेल, तर त्याच्याशी वाद घालणारे, त्याची चूक दाखवणारे, त्याच्यापेक्षा आधी गणित सोडवणारे कोणी नसते. माझ्या केंद्रातील एका वाडीवर नऊ मुलांची शाळा होती. तेथे खो-खोचा संघ होत नव्हता, आणि स्नेहसंमेलनाला अंगणवाडीची बाळे उसनी आणावी लागत. दुसरा युक्तिवाद शिक्षकाचा आहे. दोन शिक्षकांपैकी एक निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या किंवा प्रशिक्षणाच्या कामाला गेला की उरलेला पाचही वर्ग सांभाळतो, पोषण आहाराची नोंद ठेवतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. तिसरा युक्तिवाद सर्वांत अवघड आहे: पालकच मुले काढून घेत आहेत. जवळच्या बाजारगावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी वाडीच्या फाट्यापर्यंत येते आणि परवडणारे पालक तिच्यात मुले बसवतात. ज्या सरकारी शाळेवर पालकांचा विश्वास उरलेला नाही, ती केवळ तत्त्वासाठी चालवावी का, हा प्रश्न उद्धट असला तरी गैरवाजवी नाही.

पहिल्या युक्तिवादाला अंशतः उत्तर आहे. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता एकत्र शिकवणे, ही स्वतंत्र पद्धत आहे आणि ती रुजवता येते. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीने लहान ग्रामीण शाळांसाठी विकसित केलेली कार्डांवर आधारित पद्धत, किंवा सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी घडवलेले ज्ञानरचनावादी वर्ग, यांनी वयानुसार बाके न मांडताही मुले शिकतात हे दाखवले आहे. अडचण अशी की आपल्या शिक्षक प्रशिक्षणाचा गाभा अजूनही एक वर्ग, एक शिक्षक, एक पाठ या गृहीतकावर उभा आहे. प्रशिक्षण आहे तसेच ठेवायचे आणि त्यातून आलेल्या अपयशाचे खापर पटसंख्येवर फोडायचे, हा न्याय नव्हे.

दुसऱ्या युक्तिवादाचे उत्तर संकुलाच्या मूळ कल्पनेतच आहे, आणि येथे महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था आहे. दहा-बारा शाळा, एक केंद्र, महिन्याला शिक्षण परिषद. हे जवळजवळ धोरणातले संकुलच आहे. परंतु केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली, एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार आला आणि शिक्षण परिषद माहिती गोळा करण्याची बैठक झाली. हातात असलेले संकुल चालवता न आलेल्या यंत्रणेने नवे संकुल बांधण्यासाठी शाळा बंद करण्याचा पर्याय निवडावा, यात काही आश्चर्य नाही. फिरता संगीतशिक्षक नेमायचा म्हणजे पद मंजूर करावे लागते, शाळा मिटवायला मात्र एक आदेश पुरतो.

यापेक्षा गंभीर आक्षेप धोरणाच्या अंतर्गत विसंगतीचा आहे. धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी. तीन वर्षांचे मूल पाच किलोमीटर प्रवास करून अंगणवाडीत जाणार नाही, हे उघड आहे. अंगणवाडी वाडीवर राहणार असेल आणि पहिली-दुसरी समूह शाळेत जाणार असेल, तर ज्या सलगतेसाठी आकृतिबंध बदलला तीच तुटते. भाषेचेही तसेच आहे. किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे धोरण सांगते. सातपुड्यातील पावरी बोलणारे सहा वर्षांचे मूल वेगवेगळ्या बोलींच्या मोठ्या वर्गात बसवले, तर ही तरतूद पाळणे अधिक कठीण होते. पाड्यावरच्या शाळेत ती निदान शक्यतेच्या पातळीवर तरी असते.

आणि मग अंतर. जानेवारी २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातील खिरखंडी गावच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जातात, या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मुली वयाने मोठ्या होत्या. प्रश्न सहा वर्षांच्या मुलीचा आहे. समूह शाळेच्या प्रस्तावात बस असतेच. पण बस डांबरी रस्त्यावरून येते आणि वाडी साकवापलीकडे असते. जुलै-ऑगस्टमध्ये ओढा चढला की बस येऊन उभी राहते आणि मूल घरी. नकाशावरील दोन किलोमीटर आणि पायाखालचे दोन किलोमीटर यांत डोंगराळ भागात फार फरक असतो, आणि पटाच्या तक्त्यात तो दिसत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत. रोजंदारी बुडवून पाच किलोमीटरवरील बैठकीला जाणारे पालक किती असतील?

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि पुढे सरकारने एक किलोमीटरपेक्षा अधिक अंतरावरील शाळांचे विलीनीकरण करणार नसल्याचे जाहीर केले. म्हणजे अंतराची अट आधी तपासायला हवी होती, ती लोकांच्या विरोधानंतर तपासली गेली.

तिसऱ्या युक्तिवादाला, पालकांच्या निवडीला, माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण तो कोणावर लागू होतो ते पाहिले पाहिजे. ज्यांना गाडीचे भाडे आणि फी परवडते ते गेले. पटावर उरलेली मुले ज्यांची आहेत, त्यांच्या पालकांनी निवड केलेली नाही, त्यांना निवड करताच आलेली नाही. त्यांच्या शाळेवर घाव घालून, सोडून गेलेल्यांचा विश्वास परत मिळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर मानधन तत्त्वावर सेवानिवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा जो निर्णय राज्याने घेतला आणि शिक्षकांच्या विरोधानंतर जो बदलत गेला, त्यातून पालकांना एवढेच कळले की या शाळेचे उद्या काय होईल याची खात्री सरकारलाच नाही. अशा शाळेत नवे नाव कोण घालील?

म्हणून पटाच्या एकाच आकड्यावर निर्णय घेण्याऐवजी स्तरांनुसार वेगळा विचार व्हावा. पहिली आणि दुसरी, अंगणवाडीसह, वाडीवरच राहावी, मग मुले पाच असोत की पंधरा. हा पायाभूत स्तर आहे आणि त्याचा खर्च धोरणाने स्वतःच ओढवून घेतला आहे. तिसरी ते पाचवीची मुले मोठ्या शाळेत नेण्याचा प्रस्ताव असेल, तर पावसाळ्यातील रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी, ग्रामसभेचा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव, आणि वाहतुकीची किमान पाच वर्षांची आर्थिक तरतूद आधी व्हावी. त्यानंतरही दोन वर्षे जुन्या शाळेचा यू-डायस क्रमांक रद्द करू नये, म्हणजे हलवलेली मुले नव्या शाळेत खरोखर टिकली का, हे नावानिशी तपासता येईल आणि टिकली नसतील तर वाडीवरचे वर्ग पुन्हा उघडता येतील.